दूध अडलं कुठे?

सप्टेंबर 1797. लंडनमधल्या एका घरात मेरी वॉलस्टनक्राफ्ट अंथरुणावर तापाने फणफणली आहे. बायकांच्या हक्कांबद्दल इंग्रजीतलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिणारी ही बाई. 30 ऑगस्टला तिला मुलगी झाली, पण वार पूर्ण पडली नाही. ती हाताने तुकड्यातुकड्यांत काढावी लागली. मग हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी सांगितलं की बाळाला आता आईचं दूध द्यायचं नाही. बाळ दूर नेलं, पण दूध थोडंच थांबणार होतं? छाती भरून यायला लागली. मग घरच्यांनी कुत्र्याची पिल्लं आणली आणि दूध ओढून काढण्यासाठी तिच्या छातीला लावली.

हे तिच्या नवऱ्याने, विल्यम गॉडविनने, दुसऱ्याच वर्षी छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मेरी 10 सप्टेंबरला गेली. ती गेली ती गर्भाशयातल्या जंतुसंसर्गाने, छातीच्या दुखण्याने नव्हे. ती मुलगी पुढे मेरी शेली झाली, 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका.

ही गोष्ट वाचताना बहुतेकांचं लक्ष पिल्लांवरच थांबतं. माझंही थांबलं. पण त्या काळच्या युरोपात यात विचित्र काहीच नव्हतं. पिल्लं लावायची, काचेचं ओढपात्र लावायचं किंवा दुसऱ्या कुणा बाईने दूध ओढून काढायचं, हे सगळे रुळलेले उपाय होते. कारण एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत होती: भरलेली छाती रिकामी झाली नाही, तर ती दगडासारखी होते, लाल होते, ताप येतो आणि कधी कधी त्यात पू होतो. आज याला आपण मस्टायटिस किंवा स्तनदाह म्हणतो. आपल्याकडे गाई-म्हशींना हेच होतं तेव्हा पशुपालक त्याला 'दगडी' म्हणतात. एका शब्दात अख्खं लक्षण आलं.

काय होतं हे माहीत होतं. का होतं, याचं उत्तर मात्र दर शतकाला बदलत गेलं. आणि उत्तर बदललं की बाळंतिणीला मिळणारा सल्लाही उलटा व्हायचा. कधी 'पाज', कधी 'पाजू नकोस', कधी 'पूर्ण रिकामं कर', कधी 'उगाच रिकामं करत बसू नकोस'. आजही एकाच घरात हे चारही सल्ले एकाच दिवशी ऐकू येतात. ते कुठून आले, ते बघू.

भरकटणारं दूध

जुन्या ग्रीक वैद्यकात दूध म्हणजे शिजलेलं रक्त. गरोदरपणात पाळी थांबते, ते रक्त बाळाला पोसतं आणि बाळंतपणानंतर तेच वर चढून छातीत पांढरं होतं, अशी कल्पना. लिओनार्दो दा व्हिंचीने 1490 च्या दशकात काढलेल्या एका चित्रात गर्भाशयापासून स्तनापर्यंत जाणारी एक नळी चक्क दाखवली आहे. अशी नळी शरीरात नाही. पण पुस्तकात होती, म्हणून चित्रात आली.

या कल्पनेतून एक भीती जन्माला आली. दूध प्रवास करतं म्हटल्यावर ते वाट चुकूही शकतं. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये निकोला प्युझोस या नामवंत प्रसूतितज्ज्ञाने 'दुधाचे साठे' या विषयावर विस्ताराने लिहिलं. बाळंतिणीच्या पोटात, मांडीत, कुठेही सूज किंवा गळू झालं की ते भरकटलेलं दूध समजायचं. त्यामुळे ताप आलेल्या बाईचं दूध हे दुखण्याचं मूळच ठरलं आणि ते बाळाच्या पोटात जाऊ न देणं शहाणपणाचं वाटू लागलं.

त्यात आणखी एका रिवाजाची भर होती. बाळंतपणानंतरचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, वाईट मानून बाळाला पहिले काही दिवस छातीला लावतच नसत. आपल्याकडेही अनेक घरांत चीक काढून टाकून बाळाला मध चाटवायची पद्धत होती. म्हणजे दूध उतरण्याच्या ऐन दिवसांत ते बाहेर काढणारं कुणीच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती ताठरायची, ताप यायचा. या तापाला 'दूधताप' असं नावही होतं आणि तो बाळंतपणाचा नेहमीचाच भाग समजला जायचा.

विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने 1748 मध्ये आणि मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइटने 1773 मध्ये याच्या उलट मत मांडलं: बाळ लवकर छातीला लावा, म्हणजे हा ताप येणारच नाही. दूध कशापासून बनतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण लवकर पाजणाऱ्या बायकांच्या छातीत गळू क्वचित होतं, एवढं त्यांच्या नजरेला आलं होतं.

सुश्रुताची खबरदारी

सुश्रुतसंहितेत स्तनरोगांचा वेगळा विचार आहे. तिथे असं म्हटलं आहे की मूल न झालेल्या मुलीच्या स्तनातल्या वाहिन्यांची तोंडं मिटलेली असतात, म्हणून तिला हे रोग होत नाहीत. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती आपोआप उघडतात आणि मग दोषांना वाट मिळते. दोषांची भाषा बाजूला ठेवली, तरी रोगाचा संबंध दूध वाहणाऱ्या वाटांशी आहे, हे त्यात स्पष्ट आहे.

उपचारातल्या दोन सूचना मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, गाठ पिकून पू झाला आणि शस्त्र चालवायची वेळ आली, तर दूध वाहणाऱ्या नाड्या आणि स्तनाग्राचा काळा भाग टाळून चिरावं. ज्याने खरोखर चिरून पाहिलं आहे, त्यालाच ही सूचना सुचेल, कारण आडवा छेद गेला की अनेक वाहिन्या एका फटक्यात तुटतात. दुसरी सूचना, गाठ कच्ची असो, दाहाची असो की पिकलेली, प्रत्येक अवस्थेत दूध पिळून काढत राहावं. दूध काढणं बंद करू नये.

या दुसऱ्या सूचनेपर्यंत पुन्हा पोचायला आधुनिक वैद्यकाला विसावं शतक संपत यावं लागलं.

मेणाने भरलेलं झाड

आता गाठीच्या आकाराकडे येऊ, कारण तो आकारच आतली रचना सांगतो.

ॲस्टली कूपर हा लंडनचा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला सर्जन. आयुष्याच्या शेवटी, 1840 मध्ये, त्याने स्तनाच्या रचनेवर चित्रांसह मोठं पुस्तक छापलं. बाळंतपणानंतर लवकर दगावलेल्या स्त्रियांच्या मृतदेहांवर त्याने काम केलं होतं. स्तनाग्राच्या टोकावर जी बारीक छिद्रं असतात, त्यांतून त्याने रंगीत मेण आत सोडलं. एका छिद्रात एक रंग, शेजारच्यात दुसरा. मेण घट्ट झाल्यावर भोवतालचं मांस काढून टाकलं, तेव्हा उरली ती रंगीत झाडं. प्रत्येक छिद्रापासून एक खोड आत जातं, त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळ्यांच्या टोकाला द्राक्षांच्या घोसासारख्या पिशव्या. दूध बनतं ते या पिशव्यांत. आणि एका झाडाचा रंग दुसऱ्या झाडात उतरत नव्हता. म्हणजे प्रत्येक नळीचं राज्य वेगळं.

गाठ पाचरीसारखी का असते, याचं उत्तर इथेच मिळतं. एका नळीच्या ताब्यातला भाग स्तनाग्राजवळ अरुंद आणि बाहेर जाताना रुंद होत जातो, कलिंगडाच्या फोडीसारखा. खोडापाशी वाट अडली की फक्त तेवढीच फोड भरते, टणक होते आणि वरची कातडी लाल होते. उरलेला स्तन मऊच राहतो. दोन्ही बाजूंची छाती सारखीच ताठरली असेल, तर ते दूध उतरण्याचं भरलेपण. एकाच बाजूला फोडीच्या आकाराची कडक जागा असेल, तर ती एका भागातली अडवणूक. दोन्हींतला फरक बोटांना कळतो.

इथे एक सावधगिरी. 'लाल' हा शब्द गोऱ्या कातडीवरून आला आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती लाली जांभळट, गडद किंवा नुसती तकतकीत दिसते, कधी दिसतच नाही. अशा वेळी रंगापेक्षा हात जास्त खरं सांगतो. तेवढाच भाग बाकीच्या अंगापेक्षा गरम आहे का, दाबल्यावर दुखतो का, हे बघायचं.

एका बारशाची संध्याकाळ

हे सगळं मी वाचायला लागले ते माझ्या मावसबहिणीमुळे. पहिलटकरीण, बाळाचा बारावा दिवस, घरात बारसं. सकाळी दहाला तिने बाळाला डाव्या बाजूला पाजलं. मग पाहुणे आले. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिलं आणि झोपलं. दुपारी एकदा पाजलं, तेही घाईत आणि उजव्या बाजूलाच. अंगात शिवून घेतलेलं काठापदराचं घट्ट पोलकं, त्याची शिवण डाव्या काखेजवळ रुतलेली. डावीकडे पुन्हा बाळ लागलं ते संध्याकाळी चारनंतर.

हिशोब करून बघा. दूध चांगलं उतरल्यावर दोन्ही बाजूंना मिळून दिवसाला साधारण 700 मिलिलिटर दूध बनतं. म्हणजे एका बाजूला तासाला सुमारे 15 मिलिलिटर. सहा तासांत 90 मिलिलिटर, जवळजवळ एक कप. एरवी ते सामावून गेलं असतं. पण इथे शिवणीच्या दाबाने एका भागाची वाट आधीच अरुंद झाली होती. या नळ्या स्तनाग्राजवळ जेमतेम 2 मिलिमीटर रुंद असतात आणि कातडीच्या अगदी खाली असतात. त्या दाबायला फार जोर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बाजूला, काखेच्या दिशेने, कडक फोड लागत होती. दुपारी तिथली कातडी लालसर आणि गरम झाली. चार वाजता हुडहुडी भरली आणि ताप 101.8 झाला. बाळ डावीकडे तोंड लावायचं आणि लगेच सोडून रडायचं. मावशी म्हणाली, "दूध नासलंय, पाजू नकोस त्या बाजूला." सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. बहिणीने दुधाचा एक थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, हे खारट लागतंय गं."

तो खारटपणा म्हणजे आत काय चाललंय याची सगळ्यात सोपी खूण. दूध बनवणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात, विटांच्या भिंतीसारख्या. एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला रक्त. पिशवीत दूध साचलं की ती ताणते, पेशी चपट्या होतात आणि विटांमधल्या सांध्यांना फटी पडतात. मग रक्तातलं मीठ दुधात झिरपतं आणि दुधातली साखर रक्तात. दूध खारट होतं. नासलेलं नसतं आणि बाळाला घातकही नसतं. पण बाळाला चव आवडत नाही, म्हणून ते सोडून देतं. त्याने सोडलं की आणखी साचतं.

त्याच फटींतून दुधातले घटक भोवतालच्या मांसात शिरतात. दुधात दाह पेटवणारी रसायनं असतात, ती आपल्या जागी निरुपद्रवी असतात. ती बाहेर पडली की शरीर त्याला हल्ला समजतं. पांढऱ्या पेशी धावत येतात, रक्तवाहिन्या फुगतात, जागा सुजते, ताप चढतो. सूज आली की तीच सूज शेजारच्या 2 मिलिमीटरच्या नळ्या आणखी दाबते. अडलं म्हणून सुजलं आणि सुजलं म्हणून आणखी अडलं, असा हा फेरा आहे.

या सगळ्यात अजून एकही जंतू आलेला नाही, हे लक्षात घ्या. ताप 101, 102 असू शकतो, अंग मोडून येऊ शकतं, फ्लू झाल्यासारखं वाटू शकतं, तरीही संसर्ग नसेल. जंतू नंतर येतात, बहुतेकदा स्तनाग्राच्या चिरेतून. साचलेलं कोमट दूध त्यांना आयतं मिळतं.

ज्या डॉक्टरांना फोन केला त्यांनी तपासलं. चीर नव्हती, पू नव्हता. त्यांनी सांगितलं: पाजणं चालू ठेवा, बाळ मागेल तेव्हा, दोन्हीकडे. पोलकं सैल. पाजून झाल्यावर थंड ओल्या फडक्याने शेकायचं, आयबुप्रोफेनची गोळी घ्यायची. उद्या संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही किंवा दुखणं वाढलं, तर प्रतिजैविक सुरू. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी फोड मऊ झाली. दूध गोड झालं आणि बाळ डावीकडेही निवांत प्यायला लागलं.

घड्याळ आणि जंतू

मग 'पाजू नकोस' हा सल्ला विसाव्या शतकातही का टिकला? दोन कारणं.

पहिलं घड्याळ. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी बाळाला दर चार तासांनी पाजा, रात्री अजिबात नको, अशी शिस्त घालून दिली. ती इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पसरली. बाळाची भूक घड्याळ बघत नाही आणि दुधाच्या पिशव्याही बघत नाहीत. रात्रीचे आठ तास दूध साचत राहायचं.

दुसरं कारण खरोखरच भयंकर होतं. बाळंतपणं घरातून हॉस्पिटलात गेली आणि सगळी बाळं एका खोलीत ठेवली जाऊ लागली. स्टॅफिलोकॉकस हा जंतू परिचारिकांच्या हातांवरून एका बाळाच्या नाकात, तिथून दुसऱ्याच्या आणि तिथून आयांच्या स्तनाग्रात फिरू लागला. 1940 आणि 1950 च्या दशकांत छातीच्या गळवांच्या साथीच आल्या. पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू निघाले. त्या काळात पाजणं थांबवणं, छाती करकचून बांधणं, दूध आटवायला हार्मोनच्या गोळ्या देणं, हे नेहमीचे उपाय झाले.

1953 मध्ये लंडनच्या गिबर्ड यांनी दाखवलं की इथे दोन वेगळे आजार एका नावाखाली आहेत. एक हॉस्पिटलात पसरणारी साथ आणि दुसरा घरी गेल्यावर एखाद्या बाईला होणारा सुटा आजार. साथीसाठी बनवलेले नियम सुट्या आजारालाही लावले जात होते. 1975 मध्ये अमेरिकेत मार्शल आणि सहकाऱ्यांनी सुट्या आजाराबद्दल लेख लिहिला, त्याचं शीर्षकच असं होतं की हा संसर्ग पाजण्यात खंड पाडायला लावत नाही. पाजत राहून, औषध घेऊन बायका बऱ्या होत होत्या. पाजणं अचानक तोडलं तर उलट दूध साचून गळू व्हायची भीती वाढते.

डेन्मार्कचा हिशोब

1984 मध्ये थॉमसेन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधं पण फार उपयोगी काम केलं. छाती सुजलेल्या बायकांच्या दुधात दोन गोष्टी मोजल्या: पांढऱ्या पेशी किती आणि जंतू किती. त्यावरून तीन गट पडले. दोन्ही कमी, म्हणजे नुसतं साचलेलं दूध. पेशी खूप पण जंतू कमी, म्हणजे दाह आहे, संसर्ग नाही. दोन्ही भरपूर, म्हणजे संसर्ग.

पहिल्या गटातल्या बायका दोनेक दिवसांत, काही न करताही, बऱ्या झाल्या. दुसऱ्या गटाला काही न करता जवळपास आठ दिवस लागले, पण नियमित दूध काढल्यावर तीनेक दिवस. तिसऱ्या गटात काही न केलेल्यांपैकी फक्त 15 टक्के धड बऱ्या झाल्या. नुसतं दूध काढत राहिलेल्यांपैकी निम्म्या. दूध काढणं आणि प्रतिजैविक दोन्ही मिळालेल्यांपैकी 96 टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. दर तापाला प्रतिजैविक लागत नाही. आणि संसर्ग असेल तेव्हा ते टाळून चालत नाही. अडचण अशी की बाहेरून दुसरा आणि तिसरा गट अगदी सारखे दिसतात. शिवाय निरोगी दुधातही जंतू असतात, हे पुढे कळलं, त्यामुळे एकट्या जंतूंच्या मोजणीवरही निवाडा करता येत नाही. म्हणून डॉक्टर वेळेचा आधार घेतात. एक दिवस साधे उपाय करायचे. बाई फार आजारी असेल, स्तनाग्राला चीर असेल किंवा 24 तासांत उतार पडला नाही, तर औषध सुरू. वाट पाहण्याची मर्यादा एक दिवस. त्याहून जास्त थांबलं की गळवाचा धोका वाढतो.

पिळून काढायचं की शांत करायचं

इथपर्यंतची गोष्ट सरळ वाटते: दूध अडलं, तर वाट मोकळी करा. म्हणून गेली कित्येक वर्षं सल्ला असायचा की गाठ जोरजोरात चोळा, पंप लावा, शेवटच्या थेंबापर्यंत काढा. मालिशवाल्या बाईला बोलावून गाठ 'फोडून' घेणारी घरं मी पाहिली आहेत.

2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये डोना रॅम्से आणि पीटर हार्टमन यांच्या गटाने 21 पाजणाऱ्या बायकांच्या स्तनांचं अल्ट्रासाउंड केलं. जिवंत, दूध असलेल्या स्तनाची रचना इतकी बारकाईने आधी कुणी पाहिली नव्हती. पुस्तकांत नळ्या 15 ते 20 असं छापलेलं असायचं. त्यांना सरासरी 9 दिसल्या. स्तनाग्रामागे दूध साठवणारे फुगवटे पुस्तकांत असायचे, ते दिसलेच नाहीत. ते बहुधा कूपरच्या मेणाने नळ्या फुगवल्यामुळे आलेले. आणि कलिंगडाच्या फोडी सुबक कापलेल्या नव्हत्या. नळ्या झाडाच्या मुळांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

याचा अर्थ गाठीत एक 'बूच' आहे आणि ते दाबून बाहेर काढायचं आहे, हे चित्र फारसं बरोबर नाही. वाट अडते ती मुख्यतः सुजेमुळे, नळी आतून आणि बाहेरून आवळल्यामुळे. सुजलेल्या जागेवर जोराने अंगठा फिरवला, तर बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि सूज वाढते. दिवसभर पंप लावला, तर शरीराला वाटतं की मागणी वाढली आहे आणि ते आणखी दूध बनवतं. अरुंद वाटेवर आणखी गर्दी.

म्हणून 2022 मध्ये ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने आपला जुना सल्ला बदलला. बाळ जेवढं पितं तेवढंच पाजा, जास्तीचं काढू नका. गरमऐवजी थंड शेक. सूज उतरवणारी गोळी. चोळायचं नाही, फार तर कातडीवरून काखेकडे मांजराला कुरवाळल्यासारखा हलका हात. सगळ्या तज्ज्ञांना हे पूर्ण पटलेलं नाही, विशेषतः ज्या बाळंतिणीचं बाळ नीट ओढत नाही तिला 'काढू नका' सांगणं धोक्याचं ठरू शकतं. तिचं दूध साचतच राहील. म्हणून दोन्ही टोकं टाळायची: साचू द्यायचं नाही आणि ओरबाडायचंही नाही.

गाठ गेली नाही तर

काही वेळा सगळं करूनही फोड मऊ होत नाही. उलट तिच्या मध्यभागी एक जागा लिबलिबीत लागते, पाण्याच्या फुग्यासारखी, आणि ताप पुन्हा पुन्हा चढतो. ते गळू. खात्री अल्ट्रासाउंडने होते. पूर्वी थेट चीर देत. आता बहुतेकदा अल्ट्रासाउंडमध्ये बघत सुईने पू ओढून काढतात, गरज पडल्यास दोन-तीनदा. चीर द्यावी लागलीच, तर ती छोटी आणि नळ्या वाचवून. सुश्रुताची खबरदारी इथे पुन्हा भेटते. एवढं होऊनही बहुतेक जणींना पाजणं चालू ठेवता येतं.

आणि एक शेवटची गोष्ट, जी क्वचित असते म्हणून विसरली जाते. औषध पूर्ण घेऊनही लाली आणि कडकपणा तसाच राहिला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसू लागली, तर 'दुधाचीच गाठ असेल' म्हणून थांबायचं नाही. स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार अगदी असाच दिसतो आणि पाजणाऱ्या बाईतही तो होऊ शकतो. तेव्हा सोनोग्राफी आणि गरज पडल्यास तुकडा तपासणं, हे लांबणीवर टाकू नये.

मावसबहिणीला मी हा सगळा इतिहास सांगितला, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मावशीचं चुकलं की सासूबाईंचं?" दोघींचंही एकट्याचं नाही. मावशीच्या तोंडून फ्रान्सचे भरकटलेल्या दुधाचे डॉक्टर आणि 1950 ची हॉस्पिटलं बोलत होती. सासूबाईंच्या हातात ज्या काळची पिशवी होती, तेव्हा अडलेलं दूध ऊब देऊन पातळ करायचं असतं, असंच सगळे समजत होते. आता पुढच्या बाळंतिणीच्या छातीत फोड लागली, तर तिच्या उशाशी थंड फडकं, थर्मामीटर आणि घड्याळ ठेवायचं. घड्याळ पाजायच्या वेळा पाळायला नाही, ते 24 तास मोजायला.